दिसतंय ६/६, मग पडदा कशाला तपासायचा? आणि किती वेळा?

अनघा_सांगली

नमस्कार मंडळी. नवऱ्याचं वय ५१, शुगर निघून ९ वर्षं झाली. परवा चष्म्याचा नंबर काढायला गेलो तर दुकानातल्या बाईंनी "शुगर आहे का?" विचारलं आणि नंबर काढून झाल्यावर पडद्याच्या डॉक्टरांना दाखवूनच या म्हणाल्या. गेलो. थेंब घातले, पडद्याचे फोटो काढले, पडद्याची जाडी दाखवणारं ओसीटी केलं. हातात आलेला कागद असा:

उजवा डोळा: दृष्टी ६/६. मॉडरेट एनपीडीआर. केंद्रापासून दूर थोडे हार्ड एक्झ्युडेट्स. मध्यभागी सूज नाही.
डावा डोळा: दृष्टी ६/६. माइल्ड एनपीडीआर. सूज नाही.
६ महिन्यांनी पुन्हा दाखवणे.

गोळी नाही, थेंब नाहीत, लेझर नाही. नवरा म्हणतो, "एसटीची पाटी मी तुझ्याआधी वाचतो, मला कसला डोळ्याचा आजार?" आणि ते खरंच आहे, तोच आधी वाचतो. त्यामुळे मला त्याला काही उत्तर देता येत नाहीये. एक, दिसायला सगळं ठीक असताना पडदा खराब कसा? दोन, ६ महिने हा आकडा कुठून आला? धाकट्या दिरालाही नुकतीच शुगर निघालीय, त्याला आत्ताच न्यायचं की अजून काही वर्षांनी?

जोशीबुवा

अनघाताई, मलाही अगदी हाच त्रास होता. वर्षात तीनदा चष्मा बदलला, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटून दिसायचे. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करून घेतलं की सगळं स्वच्छ दिसेल, घाबरू नका.

अनघा_सांगली

काका, त्याला त्रास काहीच नाहीये, हीच तर अडचण आहे. :)

बाळू_सह्याद्री

शुगर कंट्रोलमध्ये असेल तर डोळ्याला काही होत नाही. माझे वडील २० वर्षं डायबेटिक, पथ्य कडक, डोळे ठणठणीत. आधी शुगर आणा ताब्यात, मग हे फोटोबिटो लागणारच नाहीत. आणि डोळा खराब व्हायला लागला की जड होतो, दुखतो, पाणी येतं. शरीर सांगतंच.

मंजिरी_ऑप्टो

मी बरीच वर्षं पडद्याच्या ओपीडीत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टर नाही, पण हे कागद रोज हातातून जातात.

बाळू, तुमचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, त्यावर नंतर येते. शेवटचं मात्र चूक आहे आणि त्याच समजुतीने लोक उशिरा येतात. पडद्याला दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत. बुबुळाला कण लागला तर माणूस नाचतो, पण पडद्यावर रक्ताचे ठिपके पडले तरी काही जाणवत नाही. जड होणं, पाणी येणं याची कारणं बहुतेक वेळा डोळ्याच्या पुढच्या भागात असतात.

आता एसटीची पाटी. पाटी वाचायला किंवा आमच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला पडद्याचा अगदी मधला, मिलिमीटरच्याही आतला भाग वापरला जातो. त्या भागाच्या मधोमध तर रक्तवाहिन्याच नसतात. डायबेटिसचा मार बसतो तो केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवर, आणि सुरुवात बहुतेकदा या मध्याच्या बाहेर होते. वाहिनीच्या भिंतीला धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात, भिंत जागोजागी फुगते, तिथून थोडं रक्त, थोडं पाणी आणि चरबी झिरपते. यातला एकेक फुगा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही नसतो. एवढ्याशा डागाने चित्रात भोक पडत नाही. पडलंच तर दुसरा डोळा भरून काढतो, आणि हे सगळं इतकं हळू होतं की तुलना करायला "काल" उरत नाही.

तुमच्या कागदावरचं एनपीडीआर म्हणजे डायबेटिसने पडदा खराब होण्याची, नव्या वाहिन्या वाढण्याआधीची अवस्था; माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर या तिच्या चढत्या पायऱ्या. हार्ड एक्झ्युडेट्स म्हणजे झिरपलेलं पाणी शोषलं गेल्यावर मागे राहिलेली चरबी. ओल वाळली की भिंतीवर पांढरा खार राहतो ना, तसं. म्हणजे तिथे गळती आहे किंवा होऊन गेलीय, पण मध्यापासून लांब. ती मध्यावर सरकली की पाटी धूसर होईल, सरळ रेषा वाकड्या दिसतील. यजमानांना ६/६ दिसतंय याचा अर्थ एवढाच, की मध्य अजून शाबूत आहे.

गावठी_इंजिनिअर

समजलं. पण मग जे खरंच गंभीर होतात त्यांना तरी कळत असेल ना? की शेवटच्या पायरीपर्यंत गप्पच?

मंजिरी_ऑप्टो

हा प्रश्न बरोबर जागी लागला. बारीक वाहिन्या बंद पडत गेल्या की पडद्याला प्राणवायू कमी पडतो आणि तो नव्या वाहिन्या मागवतो. त्या पडद्याच्या पृष्ठभागावर, आतल्या पारदर्शक जेलीला धरून वाढतात. याला प्रोलिफरेटिव्ह म्हणतात, ही सर्वांत धोक्याची पायरी. आणि या पायरीवरसुद्धा माणूस ६/६ वाचू शकतो, कारण वाहिन्या नाजूक असल्या तरी मध्याच्या आड येत नाहीत. मग एके दिवशी त्यातली एखादी फुटते आणि रुग्ण सांगतो, "सकाळी उठलो तर डोळ्यासमोर काळे धागे, शेवाळ, धूर." "आजच झालं" असंच सगळे म्हणतात. आम्हाला आत दिसतं ते काही वर्षांचं असतं.

लेझर आणि इंजेक्शनं या फुटण्याआधीच्या काळात सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत या नव्या वाहिन्यांवर लेझरचा मोठा अभ्यास झाला, तेव्हा दृष्टी गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. पण गेलेली दृष्टी लेझर परत आणत नाही. रक्त पसरल्यावर किंवा पडदा ओढला गेल्यावर ऑपरेशन करता येतं, पण मग पूर्वीइतकं दिसेलच असं सांगता येत नाही.

अनघा_सांगली

वाचून पोटात गोळा आला, पण निदान कळलं तरी. म्हणजे ६ महिने का, हे याच्याशीच जोडलेलं आहे?

मंजिरी_ऑप्टो

हो. पुढच्या तपासणीपर्यंत डोळा धोक्याच्या पायरीवर जाण्याची शक्यता किती, यावर ते अंतर ठरतं. जुने पण अजूनही वापरले जाणारे आकडे असे आहेत: माइल्ड असलेल्या शंभरातल्या साधारण ५ जणांचा डोळा वर्षभरात प्रोलिफरेटिव्ह होतो. मॉडरेटमध्ये १२ ते २७. सिव्हिअरमध्ये निम्म्यांचा. हे १९८० च्या दशकातले रुग्ण आहेत, तेव्हा शुगर आणि बीपी आजच्याइतकं सांभाळलं जात नव्हतं, त्यामुळे आज आकडे थोडे सौम्य असतील. पण चढण तशीच आहे.

म्हणून पडद्यावर काहीच नसेल तर वर्षाने, माइल्डला ६ ते १२ महिन्यांनी, मॉडरेटला ३ ते ६ महिन्यांनी, सिव्हिअरला ३ महिन्यांच्या आत आणि पडद्याच्या तज्ज्ञाकडेच. दोन डोळे वेगळे असले तर वाईट डोळा तारीख ठरवतो. यजमानांचा डावा एकटा असता तर कदाचित वर्ष मिळालं असतं, उजव्यामुळे ६ महिने.

मॉडरेट आणि सिव्हिअरमधली रेघ कुठे आहे, तेही सांगते. पडद्याचे चार भाग करतात. चारही भागांत भरपूर रक्तस्राव, किंवा दोन भागांत शिरांना मण्यांच्या माळेसारखा आकार, किंवा एका भागात ठळकपणे वेड्यावाकड्या पसरलेल्या वाहिन्या, यातलं एकही दिसलं तरी सिव्हिअर. हे थेंब घालून पूर्ण पडदा पाहिल्याशिवाय कळत नाही.

लेस्टरकर

इकडची पद्धत सांगतो. १२ वर्षांवरच्या प्रत्येक डायबेटिकला घरी पत्र येतं, ठरलेल्या दिवशी जायचं, थेंब, फोटो, दोन-तीन आठवड्यांत निकाल. पूर्वी सगळ्यांना दरवर्षी होतं. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंडमध्ये लागोपाठ दोनदा पडदा स्वच्छ आला तर दोन वर्षांनी बोलावतात. मी दोन वर्षांच्या यादीत गेलो. बायकोच्या एका डोळ्यात सुरुवातीच्या खुणा आहेत, ती दरवर्षी जाते. मला तरी "दरवर्षी" हा नियम जरा जुनाट वाटतो.

गावठी_इंजिनिअर

हेच म्हणायचं होतं. पडदा स्वच्छ असणाऱ्यांना दरवर्षी खेपा कशाला? तपासणी, ओसीटी, शिवाय एक दिवसाची रजा. यात कुणाचा धंदा आहे हेही बघावं.

तालुका_डॉक्टर

मी लातूरकडे जनरल प्रॅक्टिस करतो. दोन वर्षं चालतात, शास्त्र त्याच्या बाजूने आहे. आइसलंडमध्येही पडदा स्वच्छ असलेल्यांना दोन वर्षांनी बोलावून काही बिघडलं नाही. टाइप १ च्या रुग्णांवरच्या अमेरिकेतल्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये तर असं पुढे आलं, की पडदा स्वच्छ असेल तर चार वर्षांनीही चालेल.

पण लेस्टरकर, तुमच्याकडे पत्र येतं. चुकलं तर पुन्हा येतं. तुमचा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी आकडा, वाढला तर ते कुणाच्या तरी संगणकावर दिसतं. माझ्या रुग्णाला मी "दोन वर्षांनी जा" म्हटलं तर तो पाच वर्षांनी जातो, तेही धूसर दिसल्यावर. "दिवाळी झाली की डोळे" असं सांगितलं की निदान निम्मे जातात. म्हणून मी वर्षच सांगतो आणि सांगत राहणार.

लेस्टरकर

डॉक्टर, पण सगळ्यांना दरवर्षी बोलावून तुमची रांग स्वच्छ डोळ्यांनीच भरणार, आणि ज्यांना ३ महिन्यांनी यायचंय त्यांना नंबर मिळणार नाही. इकडे बदल करण्यामागे हेही एक कारण होतंच.

तालुका_डॉक्टर

मोठ्या रुग्णालयाच्या बाबतीत मान्य. आमच्या तालुक्यात रांगच नाही, कारण कुणी जातच नाही. :) यावर आपलं एकमत होणार नाही, पुढे जाऊ.

अनघाताई, एक विचारतो. गेल्या काही महिन्यांत यजमानांचं औषध बदललं का? एचबीए१सी आधी किती होता, आता किती?

अनघा_सांगली

हो, बदललं. फेब्रुवारीत १०.८ होता. नवीन डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं, जेवणही मी बदललं. आता जूनमध्ये ६.९. आम्ही तर पेढे वाटायच्या बेतात होतो.

तालुका_डॉक्टर

पेढे शेजाऱ्यांना वाटा, त्याला देऊ नका.

ऐका. फार वाढलेली शुगर झपाट्याने खाली आली, तर आधीपासून खराब असलेला पडदा सुरुवातीच्या काही महिन्यांत थोडा आणखी बिघडू शकतो. हे विचित्र वाटतं, पण टाइप १ च्या रुग्णांवरच्या डीसीसीटी या अभ्यासात स्पष्ट दिसलं होतं. त्याच अभ्यासात पुढच्या वर्षांमध्ये मात्र शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांचा फायदा इतका मोठा निघाला, की सुरुवातीचं नुकसान त्यापुढे किरकोळ ठरलं. ज्यांचे पडदे सुरुवातीला स्वच्छ होते, त्यांच्यात डोळ्याचा आजार सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. हा निकाल १९९३ चा. सेमाग्लुटाइड या शुगरच्या औषधाच्या २०१६ च्या अभ्यासातही ज्यांचे पडदे आधीच खराब होते त्यांच्यात गुंतागुंत जास्त दिसली, आणि त्याचं कारण बहुधा हेच, शुगर वेगाने उतरणं.

म्हणून इन्सुलिन अजिबात थांबवायचं नाही. पण १०.८ वरून ६.९, तेही चार महिन्यांत, आणि पडद्यावर मॉडरेट. हे पडद्याच्या डॉक्टरांना माहीत होतं का? नसेल तर फोन करून सांगा. ते कदाचित ६ ऐवजी ३ महिन्यांनी बोलावतील.

अनघा_सांगली

त्यांनी "शुगर किती" विचारलं, मी ६.९ सांगितलं, ते "छान" म्हणाले. आधीचा आकडा निघालाच नाही.

मंजिरी_ऑप्टो

हे फार वेळा होतं. आमच्याकडेही लोक ताजा रिपोर्टच आणतात. गेल्या वर्षभराचे एचबीए१सी एका कागदावर लिहून न्या, खाली बीपीचे आकडे लिहा.

आता बाळूंचं अर्धं बरोबर. शुगर आणि बीपी ताब्यात असेल तर आजाराचा वेग नक्की कमी होतो, पण आजार होणारच नाही असं नाही. वर्षांचा हिशेबही मोजावा लागतो. तुमच्या वडिलांना २० वर्षं झाली म्हणता. शेवटचा पडदा कधी पाहिला?

बाळू_सह्याद्री

गावात शिबिर झालं होतं गेल्या वर्षी. बॅटरी मारून पाहिलं, अक्षरं वाचून घेतली. "नॉर्मल" लिहून दिलं.

मंजिरी_ऑप्टो

ती पडद्याची तपासणी नव्हे. बॅटरीने बुबुळ आणि बाहुली दिसते, आणि अक्षरं का पुरत नाहीत ते वर आलंच आहे. खूण सांगते. थेंब घालून वीस-तीस मिनिटं बसवलं, नंतर काही तास मोबाइल धूसर दिसला, उन्हात डोळे दिपले, गाडी चालवता आली नाही, तर पडदा बहुतेक पाहिला गेलाय. कागदावर दोन्ही डोळ्यांसमोर "फंडस" किंवा "रेटिना" याखाली काहीतरी लिहिलेलं हवं. काही कॅमेरे थेंबांशिवायही फोटो घेतात, तेही चालतं. पण उतारवयात बाहुली लहान आणि वर मोतीबिंदू असला की फोटो पांढुरका येतो. तेव्हा कागदावर "प्रतवारी करता येत नाही" अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं आणि घरचे ते "दोष सापडला नाही" असं वाचतात. तो निकालच नसतो. थेंब घालून पुन्हा तपासायला हवं.

बाळू_सह्याद्री

थेंब नव्हते घातले. येत्या रविवारी गावी जातोय, बघतो. वडील यायला तयार होतील का हा वेगळा विषय.

ओवीची_आई

आमची मुलगी ८ वर्षांची, टाइप १, दोन वर्षं झाली. तिला दरवर्षी न्यायचं का? वाचून धास्ती बसली.

तालुका_डॉक्टर

ताई, आत्ता धास्तीचं कारण नाही. लहान मुलांमध्ये वयात येण्याआधी हे क्वचित दिसतं. साधारण ११ वर्षांची झाली किंवा वयात येऊ लागली, आणि आजाराला तीन ते पाच वर्षं झाली, की पहिली तपासणी. नंतर किती अंतराने ते तिचे डॉक्टर ठरवतील. टाइप १ मध्ये सुरुवात कधी झाली ते बहुतेकदा नीट माहीत असतं, म्हणून थांबता येतं.

अनघाताईंच्या दिराचं नेमकं उलटं. टाइप २ कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं. निदानाच्या वेळी किती जणांच्या पडद्यावर खुणा आहेत, त्यावरून मागे हिशेब केला तर आजार निदानाच्या ४ ते ७ वर्षं आधीच सुरू झालेला असतो, असा जुना अंदाज आहे. म्हणजे दीर "नवीन पेशंट" असला तरी त्याचा पडदा नवीन नसू शकतो. त्याला याच महिन्यात न्या.

मंजिरी_ऑप्टो

यात एक भर. आधीपासून डायबेटिस असलेल्या बाईला दिवस राहिले तर वर्षाचा हिशेब चालत नाही. शक्यतो दिवस राहण्याआधीच, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत पडदा पाहायचा आणि नंतरही गरोदरपणात पुन्हा, कारण त्या काळात तो भराभर बिघडू शकतो. फक्त गरोदरपणातच शुगर वाढली असेल तर हे लागू नाही.

गावठी_इंजिनिअर

माझा धंद्याचा मुद्दा अजून तसाच आहे. प्रत्येक वेळी ओसीटी लागतं का?

मंजिरी_ऑप्टो

नाही. पडदा स्वच्छ असेल तर थेंब घालून पाहणं किंवा फोटो पुरतो. मध्याजवळ एक्झ्युडेट्स असतील, दृष्टी कमी झाली असेल किंवा सूज असल्याचा संशय असेल तर ओसीटी हवं, कारण साध्या फोटोत जाडी कळत नाही. अनघाताईंच्या यजमानांचं करणं योग्य होतं. ज्याच्या पडद्यावर काहीच नाही त्याला दरवर्षी करायला सांगितलं तर "कशासाठी?" असं जरूर विचारा.

अनघा_सांगली

दवाखान्यात फोन केला, दोन्ही आकडे सांगितले. डॉक्टरांनी निरोप दिला की सप्टेंबरात या, डिसेंबरपर्यंत थांबू नका. मधे काळे धागे, धूर किंवा रेषा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी यायला सांगितलंय. रोज एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघ असं मी नवऱ्याला सांगितलं. तो बघतो आणि वर "चौकट सरळ आहे, सुतार चांगला होता" म्हणतो. दिराची अपॉइंटमेंट शनिवारची मिळाली.

जोशीबुवा

हे सगळं वाचल्यावर विचारतो. मलाही शुगर आहे, १२ वर्षं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याचं पुढच्या महिन्यात आहे. ऑपरेशनच्या आधी थेंब घालतातच, तेव्हा पडदा आपोआप पाहिला जातो ना? वेगळं जायला नको?

मंजिरी_ऑप्टो

बहुतेक ठिकाणी पाहतात, पण काका, "आपोआप" वर सोडू नका. डायबेटिकमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, आणि आधीच सूज असेल तर ती वाढू शकते. अशा वेळी काही डॉक्टर आधी इंजेक्शन देतात, मग ऑपरेशन करतात. मोतीबिंदू फार दाट असेल तर पडदा दिसतच नाही, मग सोनोग्राफी करून अंदाज घेतात आणि ऑपरेशननंतर लगेच नीट पाहतात. डाव्याच्या तारखेआधी विचारून घ्या. आणि उजव्याचा पडदा ऑपरेशननंतर कुणी पाहिलाय का?

जोशीबुवा

फाइल काढून बघतो. कागद सुनेकडे आहेत, ती संध्याकाळी येईल.